जादा गेलेले पैसे आणि ‘उलट तुमच्याकडूनच येणं आहे’

*ताई, मी एका लहान संस्थेत हिशेब बघतो. ३ मार्चला एका पुरवठादाराला कपाटांच्या ऑर्डरसाठी ३०,००० ॲडव्हान्स दिला. माल आल्यावर ८६,४०० चं बिल आलं आणि २ एप्रिलला मी ॲडव्हान्स वजा न करता पूर्ण ८६,४०० पाठवून बसलो. त्यातलं ५,४०० चं एक कपाट खराब निघालं, ते आम्ही परतही केलं होतं. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट दोनदा पाठवला. त्यांचा माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे जादा काही दिसत नाही, उलट तुमच्याकडूनच ८,२५० येणं आहे.’ ते जुनं बिल आहे. ठरलेल्या दराने ते ७,५०० चं व्हायला हवं होतं, म्हणून आम्ही थांबवलंय. आता जादा गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापून घेऊ का? की कडक पत्र लिहू? साहेब रोज विचारतात.*

कडक पत्र आत्ता नको. तो माणूस तुम्हाला टोलवतोय असं मला वाटत नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर खरंच तेच दिसत असणार, आणि का दिसतं ते त्याच्याच आकड्यात लपलंय.

त्याच्या बाजूने हिशेब मांडून बघा. त्याने तुमच्या नावे दोन बिलं टाकली आहेत, ८६,४०० चं आणि ८,२५० चं. दोन्ही मिळून ९४,६५०. जमेला त्याला ८६,४०० दिसतात. बाकी राहिले बरोबर ८,२५०. म्हणजे तुमचे मार्चमधले ३०,००० त्याच्या या हिशेबात आलेलेच नाहीत, आणि परत केलेल्या कपाटाचे ५,४०० सुद्धा नाहीत. पैसे बुडालेले नाहीत, ते वेगळ्या कप्प्यात पडून आहेत. ॲडव्हान्स येतो तेव्हा बिल झालेलं नसतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो ‘ग्राहकांकडून आगाऊ’ अशा वेगळ्या खात्यात जमा करतात आणि पुढे बिल झालं की तिथून वळता करतात. हे वळतं करणं कुणीतरी आठवणीने करावं लागतं. तुम्ही बिलाचे पूर्ण पैसे पाठवलेत, बिल आपोआप फिटलं, आणि मग आठवण करायला कारणच उरलं नाही. कधी ॲडव्हान्स मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच ग्राहकाच्या खात्यात पडलेला असतो. तुम्ही तो संस्थेच्या दुसऱ्या बँक खात्यातून पाठवला असेल, तर ही शक्यता आणखी वाढते.

स्क्रीनशॉटने काम का झालं नाही, तेही यातूनच कळतं. पैसे दिल्याचा पुरावा आणि जादा दिल्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेची पावती एवढंच सांगते की अमुक तारखेला अमुक रक्कम गेली. ती जादा होती हे ठरायला देणं किती होतं ते दाखवावं लागतं. म्हणजे ऑर्डर, बिल, माल मिळाल्याची पोच आणि परत केलेल्या मालाची पोच. तुमच्या पुराव्यात ही अर्धी बाजू नव्हतीच. समोरच्याने स्क्रीनशॉट बघितला असेल, ‘हो, आले की पैसे’ म्हटलं असेल आणि पुढच्या कामाला लागला असेल.

त्यात ॲपचा स्क्रीनशॉट हा तसा लंगडाच पुरावा. ‘व्यवहार यशस्वी’ हे पुष्कळदा तुमच्या बँकेने सूचना घेतल्याचं सांगतं, पैसे समोरच्याच्या खात्यात पोचल्याचं नव्हे. क्वचित पैसे दोन-तीन दिवसांनी परतही येतात, आणि ती ओळ स्क्रीनशॉटमध्ये कुठून येणार? म्हणून बँकेतून दोन्ही तारखांचा खातेउतारा काढा, आणि प्रत्येक व्यवहारानंतरचे पुढचे दहाएक दिवस ओळ न ओळ बघा. त्याच रकमेची जमा नोंद तर नाही ना? हे आधी स्वतः बघायचं. मागणी करून झाल्यावर कळलं की ३०,००० आपल्याच खात्यात परत येऊन बसलेत, तर पुढे आपलं कुणी ऐकत नाही. उतारा पाठवताना बाकीच्या ओळी झाका, पण खातेदाराचं नाव, तारीख, रक्कम, कुणाला गेले ते नाव आणि बँकेचा व्यवहार क्रमांक उघडे ठेवा. समोरचा माणूस आपल्या बँकेच्या उताऱ्यात शोधतो तो त्या क्रमांकावरूनच, आणि क्रमांक नसेल तर तारीख आणि रकमेवरून.

इथे माझी एक फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पुरवठादाराला ‘एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले’ असं बऱ्याच ताठ भाषेत लिहिलं होतं. दोन्ही पावत्या जोडल्या होत्या, रक्कम अगदी सारखी. चार दिवसांनी त्यांच्या हिशेबनिसाचा कागद आला. हाताने आखलेला तक्ता, प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीची बारीक खूण. दर महिन्याला तीच रक्कम जाणारं ते काम होतं, आणि माझी ‘दुसरी’ रक्कम म्हणजे आधीच्या महिन्याचं राहून गेलेलं बिल होतं. आमच्याकडे ते बिल नोंदलेलंच नव्हतं. त्या कागदावर एकही खोचक शब्द नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. तेव्हापासून मी एकट्या व्यवहारावर बोट ठेवून मागणी करत नाही. आधी पूर्ण खातं मांडते.

तुमचंही खातं मांडू. कपाटांचं बिल ८६,४००. त्यातून परत गेलेलं कपाट ५,४००. म्हणजे या ऑर्डरपोटी देणं झालं ८१,०००. दिले ३०,००० अधिक ८६,४००, एकूण १,१६,४००. फरक ३५,४००. ही या ऑर्डरवर जादा गेलेली रक्कम.

पण ती एका दमात मागू नका, कारण तिचे दोन तुकडे वेगळ्या जातीचे आहेत. ३०,००० ही निव्वळ जादा गेलेली रक्कम आहे. तिथे बिल बरोबर आहे, माल बरोबर आहे, चूक फक्त तुमच्या पेमेंटमध्ये आहे. यावर वादाला जागा नाही. ५,४०० चं तसं नाही. तो परत केलेला माल आहे, आणि तो त्यांनी स्वीकारला, खराब असल्याचं मान्य केलं आणि तेवढं बिल कमी केलं, याचा कागद त्यांच्याकडून यावा लागतो. तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. ती आली नसेल तर त्यांच्या लेखी तुम्ही अजून पूर्ण ८६,४०० चे देणेकरी आहात. म्हणून पत्रात ३०,००० परत मागायचे आणि ५,४०० साठी क्रेडिट नोट मागायची. दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं की ५,४०० वरच्या चौकशीत ३०,००० सुद्धा अडकून पडतात. ‘आमचा माणूस कपाट बघून येईल, मग एकदमच करू’ हे उत्तर त्यातूनच येतं.

क्रेडिट नोटबद्दल उलटीही सावधगिरी हवी. काही जण काम सोपं करायला ‘आम्ही ३०,००० ची क्रेडिट नोट देतो’ असं म्हणतात. तिला नाही म्हणा. क्रेडिट नोटेने विक्री कमी होते, आणि विक्रीवर कर असेल तिथे कराचा हिशेबही बदलतो. तुमची खरेदी ३०,००० ने कमी झालेली नाही, कपाटं तुमच्याकडेच आहेत. या ३०,००० साठी लागतो तो साधा परतावा, बँकेतून बँकेत, आणि त्यांच्या खात्यात त्याची एक नोंद. क्रेडिट नोट लागते ती फक्त ५,४०० साठी.

आता ते जुनं ८,२५० चं बिल. तुमच्या पत्रात ते शेवटी, जरा अवघडून आलंय. मागणीच्या पत्रात ते टाळायचा मोह होईल, कारण आपणच आपलं देणं का काढायचं? पण काढा. समोरचा ते फोनवर आधीच बोललाय, आणि तुम्ही गप्प राहिलात तर मागणीला उत्तर म्हणून तो तेवढंच पुढे करेल. शिवाय त्यातले ७,५०० तुम्हालाही मान्य आहेत, वाद आहे तो वरच्या ७५० चा. मान्य असलेलं देणं आपण अडवून ठेवायचं आणि त्यांच्याकडून मात्र जादा रक्कम ताबडतोब मागायची, हे बरं दिसत नाही. म्हणून लिहा की ७,५०० आमच्या येण्यातून वळते करून घ्यायला आमची संमती आहे, आणि ७५० चा दरफरक वेगळा सोडवू. मग तुमच्या हिशेबाने यायचे ३५,४०० वजा ७,५००, म्हणजे २७,९००.

त्यांनी ॲडव्हान्स शोधला आणि क्रेडिट नोट काढली, की त्यांच्या हिशेबाने काय निघेल तेही काढून ठेवा. बिलं ९४,६५०, त्यातून ५,४०० गेले की ८९,२५०, तुम्ही दिले १,१६,४००, म्हणून तुमचे जादा २७,१५०. तुमचा आकडा २७,९००. फरक नेमका ७५०, म्हणजे जेवढा वाद आहे तेवढाच. खातं जुळलं याची खूण हीच. दोन्ही बाकी सारख्या असायलाच हव्यात असं नाही, पण फरकाचा प्रत्येक आकडा कुठल्या कागदावरून आला ते सांगता आलं पाहिजे. त्यांचा आकडा याहून वेगळा आला, समजा २१,७५० आला, तर घाबरू नका. २७,१५० मधून ५,४०० वजा केले की तोच आकडा येतो. म्हणजे क्रेडिट नोट नोंदायची राहिली. फरकाची रक्कमच पुष्कळदा सांगून टाकते की काय सुटलंय.

म्हणून पहिलं पाऊल परताव्याची मागणी नाही, खातेउताऱ्याची आहे. आज त्यांच्या हिशेब विभागाला ईमेल करा: ‘आमच्या खात्याचा १ जानेवारीपासून आजपर्यंतचा उतारा पाठवावा, वळत्या न केलेल्या आगाऊ रकमांसह.’ शेवटचे शब्द सोडू नका. त्यांच्याशिवाय उतारा मागितला तर फक्त बिलांचा तक्ता येईल आणि पुन्हा तेच ८,२५० दिसतील. तारीखही पुरेशी मागची घ्या, म्हणजे जुनं बिल आणि मार्चचा ॲडव्हान्स दोन्ही त्यात येतील. जुनं बिल जानेवारीच्या आधीचं असेल तर तिथपासून मागा. उतारा मागायला कुणी नाही म्हणत नाही, कारण त्यात आरोप नसतो. आणि गंमत अशी की उतारा काढता काढता अर्ध्या वेळा त्यांनाच तो ॲडव्हान्स सापडतो.

उतारा आला की पत्र. ते विक्रीच्या माणसाला नको. त्याच्याशी तुमचे संबंध चांगले असतील, पण परताव्याची नोंद तो करत नाही. पत्र हिशेब विभागाला, प्रत विक्रीच्या माणसाला. संस्थेच्या लेटरहेडवर, सहीनिशी, एका पानात:

> विषय: बिल क्र. … पोटी जादा गेलेली रक्कम परत मिळणेबाबत
>
> महोदय,
> आपल्या वरील बिलाची रक्कम ८६,४०० आहे. या ऑर्डरसाठी आम्ही ३ मार्च रोजी ३०,००० आगाऊ पाठवले होते (बँक व्यवहार क्र. …). २ एप्रिल रोजी बिल चुकते करताना आमच्याकडून ही रक्कम वजा करायची राहिली आणि पूर्ण ८६,४०० पाठवले गेले (बँक व्यवहार क्र. …). त्यामुळे आपल्याकडे ३०,००० जादा जमा आहेत.
>
> तसेच याच बिलातील ५,४०० चे एक कपाट आपण परत नेले आहे. त्याची पोच सोबत आहे. त्याची क्रेडिट नोट कृपया पाठवावी.
>
> आपल्या बिल क्र. … (८,२५०) पैकी ७,५०० आम्हाला मान्य आहेत. ते वरील रकमेतून वळते करून घेण्यास आमची संमती आहे. उरलेल्या ७५० च्या दरफरकाबाबत ठरलेल्या दराची प्रत जोडली आहे. त्याचा निर्णय स्वतंत्रपणे करू.
>
> यानुसार ३०,००० मधून ७,५०० वजा जाता उरलेले २२,५०० ज्या बँक खात्यातून आपल्याला रक्कम आली, त्याच खात्यात … तारखेपर्यंत परत पाठवावेत, आणि ५,४०० क्रेडिट नोट निघाल्यावर त्याच खात्यात पाठवावेत. आपल्या उताऱ्यात वेगळी रक्कम दिसत असल्यास कोणती नोंद वेगळी आहे ते कळवावे.

सोबत ऑर्डर, प्रोफॉर्मा बिल, अंतिम बिल, बँकेच्या उताऱ्याची दोन पानं, कपाट परत नेल्याची पोच आणि ठरलेल्या दराचा कागद जोडा. कागदांना अनुक्रमांक द्या आणि उताऱ्यातल्या त्या दोन ओळींवर खूण करा. वाचणाऱ्याला शोधायला लागलं की तो कागद ‘नंतर बघू’च्या ढिगात जातो.

पत्रातला ‘आमच्याकडून राहिली’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम ठेवलाय. चूक कबूल केल्याने मागणी कमकुवत होत नाही. चुकून मिळालेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे, देणाऱ्याची हयगय झाली होती म्हणून ते घेणाऱ्याचे होत नाहीत, हे तत्त्व बहुतेक ठिकाणच्या कायद्यात कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. मागणी कमकुवत होते ती वेगळ्याच वाक्याने: ‘असू दे, पुढच्या ऑर्डरला वापरू.’ तुम्ही किंवा साहेबांनी असं ईमेलमध्ये लिहून टाकलं असेल तर पैसे तुमच्या मर्जीने तिथे ठेवलेत असा अर्थ निघतो. फोनवर सहज बोलून गेला असाल तर पत्रात एक वाक्य घाला, की ही रक्कम पुढच्या ऑर्डरसाठी ठेवलेली नाही.

‘त्याच खात्यात’ हे तर अजिबात गाळू नका. जादा पैसे पाठवायचे आणि मग ‘चुकून गेले, या दुसऱ्या खात्यात परत करा’ म्हणायचं, ही फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. त्यात पहिली रक्कम चोरीच्या खात्यातून आलेली असते किंवा पुढे रद्द होते, आणि परत करणारा खड्ड्यात जातो. म्हणून शहाणा हिशेबनीस परताव्याला कचरतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पैसे जिथून आले तिथेच परत मागितले की त्याची निम्मी शंका मिटते. तुमच्याकडे ॲडव्हान्स एका खात्यातून आणि बिल दुसऱ्यातून गेलं असेल, तर कुठल्या खात्यात हवेत ते नाव घेऊन लिहा. रोखीने किंवा कुणाच्या वैयक्तिक खात्यावर परतावा घ्यायला साहेबांनी सांगितलं तरी घेऊ नका. त्यानंतर तुमच्याच लेखापरीक्षकाला समजावत बसावं लागेल.

पुढच्या बिलातून कापायचं का, हे तुम्ही विचारलंय. लेखी संमती असेल तर जरूर कापा. पंधरा दिवसांत पुढची ऑर्डर पक्की असेल तर परताव्यापेक्षा तेच सोपं. पण न विचारता कापू नका. त्यांच्या खात्यात ते नवं बिल ‘अर्धवट भरलेलं’ दिसेल, त्यावर स्मरणपत्रं येतील, पुढचा माल अडेल, आणि मूळ ३०,००० चा मुद्दा या नव्या भांडणाखाली गाडला जाईल. वर्षातून एखादीच ऑर्डर देत असाल तर मात्र परतावाच घ्या. तोवर तुमचे पैसे त्यांच्याकडे विनातारण पडून असतात. त्यांचा धंदा बसला तर तुम्ही इतर येणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहाल, आणि ‘पुढचं बिल’ येणारच नाही.

तारीख दहा-बारा कामाच्या दिवसांनंतरची द्या. उत्तर आलं नाही तर एक स्मरणपत्र, मग हिशेब विभागाच्या प्रमुखाला तेच कागद. त्यानंतरच वकिलाची नोटीस, आणि तीही २७,९०० च्या तुलनेत खर्च किती ते बघून. मात्र वर्षानुवर्षं पडू देऊ नका. अशा मागण्यांना कायद्याची मुदत असते आणि ती ठिकाणाप्रमाणे बदलते. त्यांनी ‘हो, रक्कम आमच्याकडे आहे’ असं लिहून दिलं असेल तर तो ईमेल जपून ठेवा.

साहेबांसाठी एवढंच: तुमच्या वहीत ही रक्कम खर्चात टाकली असेल तर बाहेर काढा. पुरवठादाराच्या खात्यात ती नावे बाकी म्हणून दिसू द्या, म्हणजे दर महिन्याला यादीत येत राहील आणि साहेबांना रोज विचारावं लागणार नाही. पैसे आले की त्याच खात्यात जमा करा. ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकलेत तर ती बाकी तशीच लोंबकळत राहील आणि पुढच्या वर्षी कुणीतरी हेच ३०,००० पुन्हा मागायला बसेल.

परतावा आला की २२,५०० आणि ५,४०० मिळून रक्कम पूर्ण २७,९०० आहे का, बँकेने शुल्क कापलंय का ते बघा, आणि त्यांच्याकडून नवा खातेउतारा मागवा. त्यात तुमच्याकडून ७५० येणं दिसेल. त्यासाठी ठरलेल्या दराचा तो कागद बाहेर काढून ठेवा.